मदत हवी आहे: समृद्धीवरचा ‘५५८/६००’ नकाशात कुठे शोधायचा?

मालवाहू
आमचा आयशर समृद्धीवर मुंबईकडे येताना बंद पडलाय. क्लच गेलाय, गाडी डाव्या कडेला घेतली आहे, ड्रायव्हर सुखरूप आहे. तो फलक वाचून सांगतोय : ‘मुंबई कॉरिडोर, ५५८/६००’. मेकॅनिक नाशिकहून निघणार, पण तो म्हणतो जागा नीट सांगा. गूगल मॅप्समध्ये हा आकडा टाकला तर काहीच येत नाही. ड्रायव्हरकडे साधा बटणांचा फोन आहे. इथे बसून जागा कशी काढू?

रानवाट
सोपं आहे. ड्रायव्हरला व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवायला सांगा.

मालवाहू
साधा फोन आहे हो, व्हॉट्सअ‍ॅप नाही.

घाटमाथा
‘मुंबई अमुक किमी’ असा शेवटचा फलक कोणता दिसला ते विचारा. समृद्धी ७०१ किमीची आहे, त्यातून ते अंतर वजा करा, म्हणजे जागा कळेल.

खडीवाला
घाटमाथा, ७०१ बरोबर आहे, पण वजाबाकी फसेल. समृद्धी आमण्याला संपते, मुंबईत नाही. फलकावरच्या अंतरात आमण्याच्या पुढचा रस्ताही धरलेला असतो, त्यामुळे उत्तर तेवढंच नागपूरकडे सरकेल. ड्रायव्हरने सांगितलेला आकडाच खरा, तोच वापरू.

मालवाहू, ५५८/६०० म्हणजे शून्यापासून ५५८ किमी आणि वर ६०० मीटर. शून्य नागपूरच्या टोकाला. रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला, त्या टप्प्यांची लांबी इथे कामाला येते : नागपूर ते शिर्डी ५२०, शिर्डी ते भरवीर ८०, भरवीर ते इगतपुरी २५, इगतपुरी ते आमणे ७६. म्हणजे शिर्डी इंटरचेंज साधारण ५२० वर आणि भरवीर ६०० वर. तुमची गाडी शिर्डीच्या पुढे ३८.६ किमी, भरवीरच्या अलीकडे ४१.४ किमी. सिन्नर तालुक्यात शोधा.

आता मॅप्समध्ये शिर्डी इंटरचेंजवर, मुख्य रस्त्यावरच, बोट दाबून धरा आणि ‘अंतर मोजा’ निवडा. ते सरळ रेषेत मोजतं, म्हणून प्रत्येक वळणावर नवा बिंदू टाकत मुंबईकडे जा. वळणं गाळलीत तर रेषा रस्त्यापेक्षा आखूड पडते आणि खूण गाडीच्या पुढे जाऊन बसते. ३८.६ ला थांबा. मग हेच भरवीरकडून उलटं ४१.४ मोजा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमची चूक किती, ते कळेल. इंटरचेंज स्वतःच लांबलचक पसरलेले असतात, त्यामुळे किलोमीटरभर फरक पडला तर घाबरू नका.

कोकणवासी
आमच्याकडे मुंबई-गोवा मार्गावर हे चालत नाही. जुना दगड एक आकडा सांगतो, नवा फलक दुसराच. पनवेलपासून मोजलं तरी जुळत नाही.

खडीवाला
चौपदरीकरणात वळणं सरळ झाली, बायपास निघाले, म्हणून लांबीच बदलली. तिथे नुसता आकडा सांगू नका, जवळचं गाव किंवा पूलही सांगा. कुठल्या पट्ट्यात कोणते आकडे चालतात ते मला सगळीकडचं सांगता येणार नाही.

आणि उलट दिशेच्या लेनवर आणखी एक चूक होते. नागपूरकडे जाताना आधी ५५९ लागतो, मग ५५८/८००, मग ५५८/६००. नुकताच ५५९ पाहिलेला माणूस ‘५५९/६००’ सांगून मोकळा होतो आणि मदत पूर्ण एक किलोमीटर पुढे शोधत बसते. मीटरचा आकडा नेहमी लहान किलोमीटरला जोडायचा.

मालवाहू
मोजलं. दोन खुणा जवळपास ९०० मीटर लांब आल्या. मधली जागा मेकॅनिकला देऊ?

खडीवाला
द्या, पण त्याआधी त्याला कुठून चढायचं ते सांगा, कारण खरी अडचण तिथेच होते. गाडी मुंबईकडच्या लेनवर आहे, म्हणजे मेकॅनिकला ५५८ पेक्षा लहान आकड्याच्या इंटरचेंजवरून चढून मुंबईकडे यायला हवं. शिर्डीहून चढला तर नक्की जमेल. नाशिकहून येताना तो सहज पुढच्या इंटरचेंजवर चढेल, नागपूरकडे जाईल आणि गाडी त्याला दुभाजकापलीकडे दिसेल. ओलांडता येत नाही, पुढे जाऊन वळसाच. शेवटचे दोन किलोमीटर त्याला नकाशा बाजूला ठेवून फलकच वाचत यायला सांगा. ५५८/६०० दिसला की गाडी समोर.

रानवाट
गस्तीची गाडी थांबली तर तिथल्या कुणाच्या स्मार्टफोनवरून निळ्या ठिपक्याचे आकडे मागून घ्या. आधी १९ चा आकडा, मग ७४ चा. उलट टाकले तर नकाशा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात नेतो.

घाटमाथा
आणि १०३३ ला फोन?

खडीवाला
तो राष्ट्रीय महामार्गांसाठी. समृद्धी राज्याची आहे. कुणी जखमी असेल तर ११२ किंवा १०८, आणि त्यांनाही हेच तीन तुकडे याच क्रमाने सांगा : समृद्धी, मुंबईकडची लेन, ५५८/६००.

मालवाहू
मेकॅनिकला शिर्डीहून चढायला सांगितलं. क्रेन लागली तर तीही तिकडूनच आणावी लागेल का, की नाशिककडून पुढच्या बाजूने यायची काही सोय असते?