टायमर संपल्यावर पैसे गेले: कॉइन मागायचे की रक्कम परत?

राजारामपुरी_११वी_गल्ली:
क्रिप्टो ॲपच्या पी-टू-पी वर, थेट दुसऱ्या माणसाकडून, ९० च्या दरानं २०० यूएसडीटी कॉइन घेत होतो, म्हणजे १८,००० रुपये. ऑर्डरला १५ मिनिटं होती. विक्रेत्याला यूपीआय नको, आयएमपीएसच पाहिजे होतं. बँकेच्या ॲपमध्ये त्याचं खातं ॲड केलं तर अर्धा तास थांबा असं आलं. खातं चालू झाल्या झाल्या पैसे पाठवले, मग बघतो तर ऑर्डर आधीच रद्द. विक्रेता ऑनलाइन दिसतोय, पण चॅटला उत्तर नाही. कॉइन मिळतील का, की पैसे परत मागू?

मिसळ_कट_जादा:
टेन्शन घेऊ नको भावा. अपील टाक. कॉइन एस्क्रोमध्ये अडकलेले असतात, विक्रेत्याला हात लावता येत नाही. पुरावा बघून कंपनी तुझ्याकडे सोडते. माझे असेच मिळाले होते.

शाहूपुरी_मर्चंट:
तुझे मिळाले कारण तू वेळेत 'पैसे भरले' हे बटण दाबलं असणार. ते दाबलं की टायमर थांबतो आणि कॉइन अडकून राहतात. इथं ते दाबलंच नाही. १५ मिनिटं संपली त्या क्षणी ऑर्डर रद्द झाली आणि २०० यूएसडीटी विक्रेत्याच्या खात्यात परत गेले. आता कंपनीच्या हातात सोडायला काही उरलेलं नाही. अपील टाकायचंच, पण त्यातून फार तर विक्रेत्याला जाब विचारला जाईल, त्याचं खातं गोठवलं जाईल. कॉइन आपोआप येणार नाहीत.

राजारामपुरीकर, रद्द झालेली ऑर्डर उघडा. चॅट बहुतेक ठिकाणी चालू राहतं. तिथंच लिहा: ऑर्डर क्रमांक, रक्कम, पैसे गेल्याची वेळ आणि आयएमपीएसचा १२ आकडी क्रमांक. स्क्रीनशॉटवर कोणी विश्वास ठेवत नाही, खोटे फार फिरतात. बँकेतून त्या दिवसाचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये काढा. ॲप उघडून तो व्यवहार दाखवणारा व्हिडिओही करून ठेवा, अपीलमध्ये बऱ्याचदा मागतात.

आणि विक्रेता गप्प म्हणजे चोर, असं लगेच धरू नका. दिवसभरात त्याच्याकडे डझनभर ऑर्डरी येतात. रद्द झालेली ऑर्डर यादीतून खाली जाते, खात्यात आलेले १८,००० कुणाचे हे त्याला संध्याकाळी हिशेब लावताना कळतं.

गुजरीकर:
संध्याकाळपर्यंत थांबायचं? अहो मर्चंट, तुम्ही विक्रेत्याच्या बाजूनं बोलताय कारण तुम्ही स्वतः विक्रेते. फसवणुकीत पहिले काही तासच महत्त्वाचे असतात. सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन लावायचा, रक्कम त्याच्या खात्यात असेपर्यंत होल्ड लागते. एकदा पुढं सरकली की बसा शोधत.

शाहूपुरी_मर्चंट:
फसवणूक असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर. पण इथं पैसे कुणी फसवून घेतलेले नाहीत, ह्यांनी मुदत संपल्यावर स्वतः पाठवलेत. फोनवर काय सांगणार? 'अनोळखी माणसानं गंडवलं' म्हटलं तर ते खोटं होतं आणि चॅटमध्ये उघडं पडतं. वर त्याच्या खात्यावर लीन बसलं, तर परत द्यायची इच्छा असूनही त्याला देता येणार नाही. 'पैसे मिळालेच नाहीत' म्हणाला, ब्लॉक केलं, किंवा अपीलला उत्तर दिलं नाही, की लगेच १९३०. माझ्या मते एक दिवस पुरेसा.

गुजरीकर:
एक दिवस म्हणजे फार झाला. मी चार तास दिले असते.

गांधीनगर_होलसेल:
माझंही खातं ह्याच भानगडीत अडकलं होतं. एकाला कॉइन दिले, पैसे आले तिसऱ्याच्याच नावावरून. ते पैसे चोरीचे निघाले आणि परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर माझं खातं बंद. कापडाच्या धंद्याचे चेक परत गेले. म्हणून सांगतो, विक्रेत्यानं अनोळखी पैसे ठेवून घेऊच नयेत.

राजारामपुरी_११वी_गल्ली:
काका, मी विकत घेणारा आहे. पैसे माझ्याच खात्यातून गेलेत, नाव केवायसीशी जुळतं.

गांधीनगर_होलसेल:
हां, मग उलटं वाचलं मी. पण परत घेताना ज्या खात्यातून गेले त्याच खात्यावर घ्या. दुसऱ्या नावावरून आले तर माझ्यासारखं व्हायचं.

राजारामपुरी_११वी_गल्ली:
अपडेट. विक्रेत्याचं उत्तर आलं. पैसे मिळालेत म्हणतो. पण आता दर ९१.५० आहे, जुन्या दरानं देणार नाही. पर्याय दोन: १८,००० परत, नाहीतर नवीन ऑर्डर टाका. काय करू?

शाहूपुरी_मर्चंट:
'मिळालेत' हे चॅटमध्ये आलं, अर्धं काम झालं. कॉइन हवे असतील तर नवीन ऑर्डर हाच नीट रस्ता, पण क्रम चुकवू नका. आधी त्याच्याकडून लिहून घ्या की अमुक ऑर्डरचे १८,००० नवीन ऑर्डरला धरणार, वेगळे पैसे लागणार नाहीत. मग त्याच्याच जाहिरातीवर १८,००० ची ऑर्डर उघडा. ९१.५० नं साधारण १९६.७२ यूएसडीटी येतात. काही न पाठवता 'पैसे भरले' दाबा आणि जुना बँक क्रमांक चॅटमध्ये टाका. ह्याचा मोठा फायदा म्हणजे कॉइन पुन्हा एस्क्रोत अडकतात. त्यानं सोडले नाहीत तर ह्या वेळच्या अपीलला धरायला काहीतरी असतं. लेखी कबुली नसताना ते बटण दाबलंत तर मात्र न भरता भरलं म्हटल्याचा ठपका तुमच्यावर.

'आधी पुन्हा १८,००० पाठवा, मग दोन्हीचे एकदम सोडतो' म्हणाला तर सरळ नाही म्हणा. तो सापळा असतो.

मिसळ_कट_जादा:
पण जुन्या दराचं काय? पैसे त्याच्याकडं पडून, आणि सव्वातीन यूएसडीटी ह्यानं सोडायचे? हा कुठला न्याय!

बावडा_वकीलीण:
कायद्यानं बघायचं तर सौदा ऑर्डर रद्द झाली तेव्हाच संपला. जुन्या दरानं कॉइन द्यायचं बंधन त्याच्यावर राहिलं, असं मला वाटत नाही. पण १८,००० ठेवून घ्यायचा हक्कही त्याला नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ७२ सांगतं की चुकून दिलेले पैसे घेणाऱ्यानं परत करायचे. म्हणजे हक्कानं मागता येते ती रक्कम, कॉइन नव्हे. बँकेकडे जाऊन फार होणार नाही. खाते क्रमांक बरोबर होता आणि पैसे तुम्हीच पाठवलेत, समोरच्याच्या संमतीशिवाय बँक ते ओढून घेत नाही. आणि सर्किट बेंच कोल्हापुरात आलं म्हणून ह्यासाठी उठून तिकडं जाऊ नका, नोटीस लागलीच तर साधी पाठवता येते.

गुजरीकर:
वकीलबाई, त्यानं पैसे आल्या आल्या परत केले असते तर तुमचं मान्य. पैसे वापरून दर चढायची वाट बघितली असेल तर?

बावडा_वकीलीण:
तसं दाखवता आलं तर फरक मागता येईल. ३०० रुपयांसाठी कोण दाखवत बसणार, हे तुम्हीच सांगा.

राजारामपुरी_११वी_गल्ली:
मी रक्कम परत मागितली. आता तो म्हणतो पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा.

शाहूपुरी_मर्चंट:
मागणं रास्त आहे, त्यालाही चुकीच्या माणसाला पैसे द्यायचे नसतात. पण व्हॉट्सॲपवर नको, ऑर्डरच्याच चॅटमध्ये टाका आणि फोटोवर आडवं लिहा, 'फक्त ऑर्डर अमुकच्या परताव्यासाठी'. ओटीपी, पिन काही मागितलं तर थांबा, पैसे घ्यायला पिन लागत नाही. टेलिग्रामवर 'सपोर्टमधून बोलतोय' म्हणून कुणी आलं तर तोही दुसराच प्राणी.

गुजरीकर:
चार तास होऊन गेलेत, एवढंच सांगतो.