दोन पानी कव्हर लेटर एका पानावर: कापायचं काय आणि ठेवायचं काय?

कृष्णाकाठ, वाळवा

एका साखर कारखान्यात ऊस विकास अधिकारी पदासाठी अर्ज करतोय. बायोडेटासोबत एक पानी पत्र मागितलंय, माझं मराठी पत्र दोन पानं भरून वर चार ओळी जातंय. ठिबक, खोडवा, क्षारपड जमिनीतल्या चर, रोपवाटिका, हुमणी मोहीम, असं नऊ वर्षांचं सगळं त्यात आहे. जाहिरातीत ठिबक, खोडवा व्यवस्थापन आणि तोडणी कार्यक्रम या तीन गोष्टींचा अनुभव मागितलाय. महत्त्वाचं काही न गाळता कसं बसवू? एक परिच्छेद नमुन्याला देतो:

“सन 2016 पासून मी शेतकी विभागात कार्यरत असून शेतकरी बांधवांशी सातत्याने संपर्क ठेवून, त्यांच्या अडीअडचणी समजून घेऊन, त्यांना आधुनिक तंत्रज्ञानाविषयी वेळोवेळी मार्गदर्शन करण्याची जबाबदारी अत्यंत प्रामाणिकपणे पार पाडली आहे. माझ्या अथक प्रयत्नांमुळे गटातील शेतकऱ्यांनी पाचट न जाळता कुजवण्यास सुरुवात केली व एकरी उत्पादन 26 टनांवरून 41 टनांपर्यंत वाढले, ही माझ्यासाठी अभिमानाची बाब आहे.”

कराडकर

एवढं कशाला डोकं लावायचं? अक्षर 12 वरून 9 करा, चारी बाजूंचा समास एक सेंटिमीटर ठेवा, ओळींमधलं अंतर कमी करा. एक शब्द न कापता पान बसतं.

ओगलेवाडी

कराडकर, इंग्रजी पत्रात थोडंफार चालून जाईल, देवनागरीत नाही. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, दोन्हींना जागा लागते. वर्डमध्ये ओळींचं अंतर ठरावीक आकड्यावर आवळलं की छापताना रफार आणि उकार कापले जातात. ‘पूर्व’मधला रफार गेला की ते ‘पूव’ दिसतं. आणि 9 आकाराचं मराठी जोडाक्षर पन्नाशीच्या माणसाला चष्म्यातूनही लागत नाही.

आधी पानात जागा किती आहे ते मोजा. ए-फोर कागद, अडीच सेंटिमीटर समास, 12 आकाराचं अक्षर धरलं तर मराठीच्या साधारण 35 ओळी बसतात. मंगल फाँट असेल तर कमीच, कारण तो ओळीमागे जास्त जागा खातो. त्यातल्या 12-13 ओळी पत्ता, तारीख, विषय, महोदय आणि सही यांत जातात. हातात उरतात 22. म्हणजे प्रश्न दोन पानांचं एक करण्याचा नाही, 22 ओळी कुणाला द्यायच्या याचा आहे.

आता नमुना बघू. पहिलं वाक्य संपूर्ण जातं. संपर्क ठेवणं, अडचणी समजून घेणं, मार्गदर्शन करणं हे पदाचं काम झालं, त्या पदावरचा प्रत्येक जण तेच लिहितो. ‘अथक’, ‘अत्यंत प्रामाणिकपणे’, ‘अभिमानाची बाब’ हेही जातं, कारण ते वाचणाऱ्याला तपासता येत नाही. उरतं पाचट आणि 26 ते 41 टन. कामगिरी तेवढीच आहे. पण तिला कापू नका, उलट तिथे दोन-चार शब्द घाला. किती शेतकरी, किती एकर, कोणत्या हंगामापासून कोणत्या हंगामापर्यंत? आणि वाक्यात ‘खोडवा’ हा शब्दच नाही! आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो, खोडवा जेमतेम वर्षभर. कोणत्या उसाचे 41 टन हे कळल्याशिवाय शेतकी विभागातल्या माणसाला त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

बत्तीस शिराळा

अहो, भरतीला विहित नमुना असतो ना? ऑनलाइन अर्जात रकाने असतात तेवढेच भरायचे, पत्र कोण मागतं? आमच्या पुतण्याने जिल्हा परिषदेला भरला तेव्हा शब्दमर्यादाच होती, जास्त लिहायला गेलं तर पुढे टाइपच होईना.

ओगलेवाडी

दादा, ती सरळसेवा. इथे कारखान्याची स्वतःची जाहिरात आहे आणि पत्र त्यांनीच मागितलंय.

मिरज जंक्शन

ओगलेवाडींचं निम्मं पटतं. पण हा सहकारी कारखाना असेल तर मुलाखतीला समोर संचालकही बसतात, ते स्वतः ऊस लावणारे. नुसते आकडे वाचून त्यांचं समाधान होत नाही. 26 चे 41 केले म्हणणारा माणूस पहिलं काय ऐकेल? “कसे केले?” ते कसं केलं हेच तुम्ही कापायला लावताय. मी तर म्हणेन एक पान आणि वर पाव पान झालं तरी चालेल, पण पद्धत राहू द्या.

ओगलेवाडी

एक पान त्यांनीच सांगितलंय, तिथे सवा पान देणं म्हणजे सूचना वाचली नाही असं सांगणं. पद्धतीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, माझ्याकडून ते निसटलं. ती ठेवायची, पण क्रियापदांत ठेवायची. ‘आधुनिक तंत्रज्ञान’ या दोन शब्दांतून काही कळत नाही. ‘बुडखे जमिनीलगत छाटले, पहारीने खत दिलं’ एवढं म्हटलं की उसातला माणूस पुढचं सगळं ओळखतो.

आष्टा

मला वेगळीच शंका आहे. ते 26 टन कोणत्या हंगामाचे? 2019-20 चे असतील तर सावध राहा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात नदीकाठचा ऊस किती दिवस पाण्याखाली होता ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या वर्षापासून वाढ मोजली तर त्यातली बरीचशी पूर ओसरल्याची आहे, पाचटाची नाही. मुलाखतीत कुणीतरी हे विचारणारच.

कृष्णाकाठ, वाळवा

2019-20 चेच आहेत. माझ्या डोक्यातच आलं नाही हे. वही काढून बघितली. 2018-19 ला याच गटाची खोडव्याची सरासरी 33 टन होती. 41 टन 2022-23 चे. शेतकरी 38, क्षेत्र 61 एकर. पण मग वाढ 15 वरून 8 टनांवर येते, कामगिरी बारीक दिसते.

ओगलेवाडी

आष्टांनी पकडलं ते पत्रातलं सगळ्यात धोक्याचं ठिकाण होतं. 15 टनांची वाढ एका प्रश्नात कोसळली असती आणि बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही गेला असता. 61 एकर खोडव्यावर सरासरी 8 टन वाढ बारीक नाही. परिच्छेद असा करा:

“38 शेतकऱ्यांच्या गटात पाचट न जाळता सरीत ठेवणे, बुडखे जमिनीलगत छाटणे आणि पहारीने खत देणे ही पद्धत राबवली. 61 एकरांवरील खोडव्याचे सरासरी एकरी उत्पादन 2018-19 मधील 33 टनांवरून 2022-23 मध्ये 41 टनांवर आले.”

आधी सहा ओळी होत्या, आता चार. ओळी दोनच वाचल्या, पण मजकूर वाढला.

आता दुसरी गोष्ट. जाहिरातीत तीन गोष्टी मागितल्यात. तुमच्या यादीत ठिबक आहे, खोडवा आहे, तोडणी कुठे आहे?

कृष्णाकाठ, वाळवा

दुसऱ्या पानावर ‘तोडणीचे नियोजन केले’ एवढंच आहे. 14 गावांचा कार्यक्रम मीच लावत होतो. लागणीच्या तारखेनुसार क्रम आणि शंका असेल तिथे रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स बघून. पण त्यात अमुक टक्के सुधारणा झाली असा आकडा नाही माझ्याकडे.

ओगलेवाडी

नसू दे, ओढूनताणून टक्के काढू नका. “14 गावांतील नोंदीच्या उसाचा तोडणी कार्यक्रम लागण तारीख आणि ब्रिक्स तपासणीनुसार लावला” हे एक वाक्य पुरेसं आहे. कामाचा आवाका आणि पद्धत दोन्ही आली. लांबलचक पत्रात हेच होतं बघा, जे मागितलंय ते दुसऱ्या पानाच्या तळाला आणि आवडीचं काम पहिल्या पानावर. म्हणून पेन्सिल हातात घेऊन जाहिरातीतल्या तीन मागण्यांना एक, दोन, तीन आकडे द्या. मग पत्रातल्या प्रत्येक वाक्यासमोर ते वाक्य ज्या मागणीला उत्तर देतं तो आकडा लिहा. ज्याला आकडा मिळत नाही ते वाक्य पत्रातून बायोडेटात. प्रत्येक मागणीला पाच ओळी, म्हणजे 15. उरलेल्या सातांत सुरुवात आणि शेवट.

मिरज जंक्शन

मग क्षारपडीच्या चर बायोडेटात ढकलायच्या? इथे मी अजिबात सहमत नाही. वाळवा, पलूस, मिरज, नदीकाठच्या कुठल्याही कारखान्याला विचारा, पाणी जास्त होऊन रान फुटलंय हे दुखणं त्यांच्याकडे आहेच. जाहिरात ऑफिसात बसून लिहिलेली असते, गरज रानात असते. न मागितलेली पण लागणारी गोष्ट सांगणारा अर्जदार लक्षात राहतो.

ओगलेवाडी

कारखान्याचं कार्यक्षेत्र नदीकाठचं असेल तर एक ओळ द्या, आनंदाने. खटाव-माणकडचं असेल तर ती ओळ वाया गेली, तिथलं दुखणं पाण्याच्या कमतरतेचं आहे. रोपवाटिका आणि हुमणी मात्र दोन्हीकडे बायोडेटातच.

मिरज जंक्शन

एक ओळ अपुरी आहे. चर किती अंतरावर, किती खोल, पाणी कुठे काढलं, हे नसेल तर ते ‘मार्गदर्शन केले’सारखंच पोकळ वाटतं. दोन ओळी तरी द्या आणि ठिबकमधून एक कमी करा.

पुसेसावळी

मला हिशेबापेक्षा दुसरी काळजी वाटते. गटाचं उत्पादन, गावांची संख्या ही सध्याच्या कारखान्याची माहिती आहे. शेजारचे कारखाने एकाच उसासाठी भांडत असतात. ती दुसऱ्या कारखान्याला लेखी देणं योग्य आहे का? मी असते तर “खोडव्याचे उत्पादन सुमारे पाव पटीने वाढवले” एवढंच लिहिलं असतं. 33 चे 41 म्हणजे तेवढंच होतं, ओळही वाचते.

आष्टा

ताई, 38 शेतकऱ्यांची सरासरी गावात सगळ्यांना ठाऊक असते, त्यात गुपित काय? आणि नुसतं ‘पाव पटीने’ म्हटलं की परत तोच प्रश्न, कशाच्या पाव पट?

पुसेसावळी

गावात बोललेलं वेगळं आणि सहीनिशी कागदावर दिलेलं वेगळं. नेमणूकपत्रात गोपनीयतेची अट आहे का ते आधी वाचावं. अट असेल तर टन लिहू नयेत, विचारलं तर समोर बसून सांगावेत.

कृष्णाकाठ, वाळवा

नेमणूकपत्र घरी आहे, उद्या बघतो. आत्ता पत्र लिहून काढलं तर 25 ओळी झाल्यात, तीन जास्त. क्षारपडीला सध्या एकच ओळ दिलीय.

ओगलेवाडी

सुरुवातीला “दिनांक अमुकच्या वर्तमानपत्रातील आपली जाहिरात वाचनात आली, त्यानुसार सदर पदासाठी मी अर्ज सादर करीत आहे” असं असेल. विषयाच्या ओळीत पद आणि जाहिरातीची तारीख लिहा, त्या दोन ओळी गेल्या. शेवटी “संधी दिल्यास तिचे सोने करीन” असेल, ती तिसरी. त्या जागी फक्त ‘सोबत: बायोडेटा’ असं सहीच्या खाली डावीकडे.

आणि पाठवताना वर्ड फाइल पाठवू नका, पीडीएफ करा. समोरच्या कॉम्प्युटरवर तुमचा फाँट नसेल तर दुसरा बसतो, ओळी पसरतात आणि इतकं आवळलेलं पत्र पुन्हा दुसऱ्या पानावर जातं. पीडीएफ दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून, सही पहिल्याच पानावर आहे ना तेवढं बघून घ्या.