बारा महिन्यांना ‘हा’, चारांना ‘हुन्ना’: कुरआनातला नियम नक्की कोणता?

नौशाबा_चिपळूण
अरबी शिकतेय. सरांनी सुरुवातीलाच सांगितलं की माणसं सोडून कशाचंही अनेकवचन आलं की विशेषण, सर्वनाम, क्रियापद सगळं स्त्रीलिंगी एकवचनात. ‘कुतुबुन जदीदतुन’: पुस्तकं ढीगभर, विशेषण एकीचं. आता सूरह तौबाच्या ३६व्या आयतीत अडकले. महिन्यांबद्दल आधी ‘मिन्हा’ येतं, त्यातला ‘हा’ एकवचनी, आणि त्याच आयतीत पुढे ‘फीहिन्ना’, त्यातला ‘हिन्ना’ म्हणजे ‘हुन्ना’च, अनेकवचनी. सर म्हणतात, अपवाद आहे, पाठ कर. मला वाटतं, नियमच कच्चा आहे. तुमचं काय मत?

खडूफळा
पाठ करू नका, आयत पुन्हा वाचा. अल्लाहकडे महिन्यांची संख्या बारा, ‘मिन्हा अर्बअतुन हुरुम’, म्हणजे त्यांतले चार पवित्र. इथे ‘हा’ बारा महिन्यांकडे जातो. पुढे ‘फला तझ्लिमू फीहिन्ना अन्फुसकुम’, त्यांत स्वतःवर जुलूम करू नका. हा ‘हिन्ना’ चार महिन्यांचा.

कूफ्याचे व्याकरणकार अल-फर्रा (मृत्यू ८२२) यांनी हे उलगडून ठेवलंय. अरब लोक तीन ते दहापर्यंतच्या गोष्टींना ‘हुन्ना’ वापरतात आणि दहाच्या पुढे गेलं की ‘हा’. जुन्या पत्रांवरच्या तारखा बघा. महिन्याच्या तीन रात्री उलटल्या असतील तर ‘खलौना’, अकरा उलटल्या तर ‘खलत’. रात्री त्याच, क्रियापद बदललं. तुमचे सर सांगतात तो नियम आजच्या प्रमाण अरबीचा. तिथे ही बारीक छटा पुसून सगळीकडे एकच रूप ठेवलंय. वर्तमानपत्र वाचायला तो पुरतो.

मधला_बाक
म्हणजे थोडं असेल तर अनेकवचन, भरपूर असेल तर एकवचन. मग सूरह बकराची ८०वी आयत आणि आले-इम्रानची २४वी यांचंही कोडं सुटलं! आग आम्हाला मोजकेच दिवस शिवेल, हा एकच दावा दोन्हीकडे आहे, पण एकीकडे ‘अय्यामन मअ्दूदह’ आणि दुसरीकडे ‘मअ्दूदात’. पहिल्यात चाळीस दिवस, दुसऱ्यात सात. भाष्यांत हे दोन्ही आकडे येतात.

उलटतपासणी
इतकं सरळ असतं तर काय हवं होतं! चाळीस आणि सात हे आकडे भाष्यांत आहेत हे खरं, पण ते त्या दाव्याबद्दलचे दोन वेगवेगळे कौल आहेत. एक आकडा या आयतीला आणि दुसरा त्या आयतीला ही वाटणी विशेषण बघून केलेली. ज्यावरून निष्कर्ष काढायचा तेच आधी गृहीत धरलंत.

शिवाय बकराची १८४वी आयत बघा. रोज्यांचे दिवस, ‘अय्यामन मअ्दूदात’. बहुतेकांच्या मते हा पूर्ण रमजान, म्हणजे २९ किंवा ३० दिवस. दहाची मर्यादा कुठे गेली?

खडूफळांनाही एक प्रश्न. ‘फीहिन्ना’ म्हणजे बाराही महिने, असं मत प्रेषितांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या नावावर सांगितलं जातं. ते कुरैशी, ही त्यांची मायबोली. दहाच्या पुढे ‘हुन्ना’ कानाला खटकत असतं तर त्यांनी हा अर्थ लावला असता का?

शारजावाला
माझ्या कामाच्या ठिकाणी एक शामी सहकारी आहे. तो बिनधास्त ‘ब्यूत क्बार’ म्हणतो, मोठी घरं, विशेषणही अनेकवचनीच. शिकलेले अरब असं बोलताना ऐकले की आम्हा पुस्तकी अरबीवाल्यांचा गोंधळ उडतो. बाकी, सूरह यूसुफमध्ये अकरा तारे आणि सूर्य-चंद्र यांना ‘रऐतुहुम ली साजिदीन’ म्हटलंय ना? अकरा म्हणजे दहाच्या पुढे, पण तिथे ‘हा’ही नाही आणि ‘हुन्ना’ही नाही.

खडूफळा
शारजावाला, ताऱ्यांचा मुद्दा निराळा. ते सजदा करतायत, आणि सजदा हे जाणत्याचं काम, म्हणून त्यांना माणसांचं ‘हुम’ मिळालं. मुंगी इतर मुंग्यांना ‘उद्खुलू’, आत शिरा, म्हणते, तेही माणसांचंच रूप. तिथे संख्येचा संबंध नाही. तुमच्या सहकाऱ्याचं बोलणं मात्र इथे उपयोगी आहे. त्याच तौबाच्या आयतीत ‘हुरुम’ हे विशेषणसुद्धा अनेकवचनीच आहे. यूसुफमधल्या सात लठ्ठ गायीही ‘बकरातिन सिमान’.

उलटतपासणी, मान्य, मी याला कायदा म्हणत नाही, कल म्हणतो. पण कल भक्कम आहे. भाष्यकार तबरी इब्न अब्बासांचं मत नोंदवतात आणि तरीही चार महिन्यांच्या बाजूने जातात. ‘हुन्ना’ की ‘हा’ हा भाषेचा पुरावा ते पुढे करतात. यूसुफची ४८वी आयत घ्या. दुष्काळाची सात वर्षं साठवलेलं धान्य ‘यअ्कुल्ना’, खातात, आणि ते ठेवलेलं ‘लहुन्ना’, त्यांच्यासाठी. सात वर्षं, दोन्हीकडे अनेकवचन. आणि २०व्या आयतीत यूसुफला विकलं ते ‘दराहिम मअ्दूदह’ला. सर्वाधिक सांगितला जाणारा आकडा वीस दिरहमांचा, म्हणून एकवचन. त्या काळी चाळीसच्या आत असले तर दिरहम मोजत, त्यावर गेले की तोलत. मोजलेले म्हणजे क्षुल्लकच.

मधला_बाक
मग माझं ‘थोडं असेल तर अनेकवचन’ तिथेच गार झालं की! रक्कम क्षुल्लक, तरी एकवचन.

खडूफळा
हो. थोडं वाटणं वेगळं, दहाच्या आत असणं वेगळं.

पाणवठा
आपल्याकडेही हेच नाही का? ‘ती मुलगी आली’, ‘ती पुस्तकं आली’. नपुंसकलिंगी अनेकवचनाला मराठीत स्त्रीलिंगी एकवचनाचंच रूप लागतं. मुलांना अरबी शिकवताना मी हेच उदाहरण देते, पटकन पटतं.

उलटतपासणी
लक्षात ठेवायला चांगलं आहे, पण गाडी लवकर अडते. मुलगी पडते, पुस्तकं पडतात. आपलं रूप फक्त दिसायला सारखं, वचन अनेकवचनच राहतं. अरबीत क्रियापदही खरोखर एकवचनी होतं. अत्-तक्वीरमध्ये तारे निखळतात तिथे ‘इन्कदरत’ आहे, एकीचं क्रियापद.

पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो. दाऊदसोबतचे डोंगर सूरह अंबियाच्या ७९व्या आयतीत ‘युसब्बिह्ना’, अनेकवचनी. सूरह सबाच्या १०व्या आयतीत त्याच डोंगरांना हाक आहे ‘अव्विबी’, एकवचनी. डोंगर तेच, संख्या कुठेच दिलेली नाही. माझ्या मते खरा फरक हा की बोलणारा एकेक डोंगर वेगळा पाहतो की सगळ्यांचा मिळून एक थवा पाहतो. दहाची मर्यादा त्यातूनच येते. दहापर्यंतच्या गोष्टी सुट्या दिसतात, पुढे त्यांचा जमाव होतो. रोज्यांच्या तीस दिवसांचं ‘मअ्दूदात’ही यात बसतं, कारण रोजा एकेक दिवस मोजत धरायचा असतो.

खडूफळा
ऐकायला सुरेख आहे. पण या किल्लीने कुठलंही कुलूप उघडतं. रूप अनेकवचनी दिसलं की म्हणायचं सुटं पाहिलं, एकवचनी दिसलं की जमाव. चूक ठरायची कशी? दहाची मर्यादा निदान चुकू तरी शकते.

उलटतपासणी
चुकतेही! अल-हाक्काची ७वी आयत. आद लोकांवर वारा सोडला, सात रात्री आणि आठ दिवस. पुढे ‘फतरल-कौम फीहा सर्आ’, लोक त्यांत आडवे पडलेले दिसतात. सात आणि आठ, दोन्ही दहाच्या आत. मग ‘फीहिन्ना’ का नाही?

नौशाबा_चिपळूण
दोन्हींची बेरीज पंधरा धरली तर?

खडूफळा
रात्री आणि दिवस मिळून तो एकच आठवडाभराचा काळ आहे, त्यामुळे बेरीज मला ओढूनताणून वाटते. त्यापेक्षा ‘फीहा’ कोणाकडे जातं ते आधी बघा. काही भाष्यकार ते वाऱ्याकडे नेतात, आणि ‘रीह’ स्त्रीलिंगी एकवचनच आहे. काही घरांकडे नेतात. दिवस-रात्रींकडे नेणारेही आहेत, आणि त्यांचं बरोबर असेल तर उलटतपासणींचा दाखला उभा राहतो. मी वाऱ्याच्या बाजूचा.

उलटतपासणी
सोयीचा वारा आहे तुमचा. सर्वनामाच्या सगळ्यांत जवळ दिवस आहेत, मी तिथेच थांबतो.