मदत हवी आहे: मुलींच्या वसतिगृहाचा दुसरा जिना

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडजवळ ६० मुलींच्या वसतिगृहाचा आराखडा करतेय. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दोन गट. एका गटात दोघींच्या पाच खोल्या, मधे त्यांची बैठक. लांब बोळ मुद्दाम टाळला; बोळात कोण कुणाकडे आलं ते कळत नाही, दहाजणींच्या बैठकीत अनोळखी चेहरा लगेच लक्षात येतो.

मुख्य जिना दोन्ही गटांच्या मधे आहे आणि बैठकीची त्या बाजूची भिंत कमरेच्या वर काचेची. रेक्टरबाई रात्री जिना चढतानाच दोन्हीकडे नजर टाकू शकतात, खोल्यांचा खाजगीपणा तसाच राहतो. तळमजल्यावर त्यांची खोली जिन्यासमोर, म्हणजे येणारी-जाणारी प्रत्येकजण तिथूनच जाणार.

अडलंय ते आगीसाठीच्या दुसऱ्या जिन्यापाशी. तो मागच्या टोकाला, थेट अंगणात उतरतो. संस्थेचे लोक म्हणतात, "ताई, रात्री कुलूप लावू." ते मी होऊ देणार नाही. धूर कोंडला की किल्ली शोधायला वेळ नसतो. आतून ढकललं की उघडणारा, बाहेरून न उघडणारा पॅनिक बारचा दरवाजा आणि रेक्टरबाईंच्या खोलीत वाजणारी घंटा, असं सुचवलंय.

पण कपडे वाळत घालायची जागा मागेच आहे. दाराला वीट लावून ठेवली की सगळंच फसलं. वाळवण गच्चीवर न्यावं, तर पावसाळ्यात काय? असा दरवाजा रोजच्या वापरात कुणी पाहिलाय का? घंटा सारखी वाजून शेवटी बंदच करून टाकतात का?