बेरीज करण्याआधी चाळणी लावा

> "पुरवठादार निवडायला चार निकषांची वजनं ४०-३०-२०-१० ठेवली, तरी गुणांच्या बेरजेत डळमळीत पुरवठादारच पहिला येतोय. वजनं बदलू का?"

वजनांना हात लावू नका, दोष बेरजेत आहे. किंमत, गुणवत्ता, वेळेवर पुरवठा, आर्थिक स्थिती या क्रमाने 'अ'ला दहापैकी १०, ८, ८, २ आणि 'ब'ला चारही ठिकाणी ८ दिले, तर 'अ' ८.२ आणि 'ब' ८.०. स्वस्त दराने कच्ची आर्थिक बाजू झाकली गेली. म्हणून आधी किमान पात्रता लावा: आर्थिक स्थितीत ५ पेक्षा कमी असेल तो बाद, मग उरलेल्यांची बेरीज. ताळेबंदात चालू देणी चालू मालमत्तेपेक्षा जास्त दिसली आणि तो अचानक आगाऊ रक्कम मागू लागला, की गुण कापाच.

आणि हो, डिलिव्हरी मूळ कबूल तारखेवरून मोजा. सुधारित तारखेवर सगळेच वक्तशीर ठरतात.