बसल्या जागी दिवा विझतो: पीआयआरला रडारची जोड देणाऱ्यांनी आपले आकडे सांगा

खटपट्या

कालच्या दुसऱ्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, 'वाचत बसलं की दर पाच मिनिटांनी हात हलवून सेन्सरला आपण आहोत हे सांगावं लागतं.' त्यावरून हा जुना विषय आठवला. इथल्या बऱ्याच जणांनी मिलिमीटर वेव्हचे, म्हणजे रडारचे सेन्सर बसवले आहेत, म्हणून अनुभव मागवतो आहे. 'मस्त चालतो' एवढंच नको. कुठे लावला, कोणते आकडे ठेवले, काय बिघडलं ते लिहा.

सुरुवात मी करतो. पीआयआर, म्हणजे अंगाची ऊब टिपणारा सेन्सर, माणूस बघत नाही. त्याच्या आत दोन तुकडे असतात आणि पुढच्या भिंगामुळे खोलीचे पट्टे पडतात. अंगाची ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की दोन तुकड्यांत फरक पडतो आणि सिग्नल येतो. पुस्तक धरून बसलेला माणूस पट्टा ओलांडतच नाही, म्हणून वेळ संपली की दिवा जातो. रडार हालचालच शोधतो, पण फार बारीक. २४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण साडेबारा मिलिमीटर असते. छाती एक मिलिमीटर जरी पुढे आली तरी परत येणाऱ्या लहरीची फेज ५८ अंशांच्या आसपास बदलते, कारण अंतर जाता-येता दोनदा मोजलं जातं. श्वास पुरतो तो यामुळे.

एलडी२४१० हा रडार वापरणाऱ्यांनी गेटचे आकडे जरूर द्या.

पोटमाळा

एसआर५०१ हा पीआयआर असलेल्यांनी आधी त्यावरचा जंपर एच कडे करून बघा. एल वर असेल तर वेळ संपली की दिवा जातोच, मध्ये हललात तरी. एच वर प्रत्येक हालचालीला वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. माझ्या मते अर्ध्या लोकांचं काम एवढ्याने होईल, रडारची गरज नाही.

निशाचर

@पोटमाळा जंपरचं बरोबर, पण हालचाल दिसली तर ना वेळ पुन्हा सुरू होणार. खटपट्या न हलणाऱ्या माणसाबद्दल बोलतायत. एसआर५०१ चा पेच पूर्ण फिरवला तरी पाचेक मिनिटं मिळतात. मग दिवा एक तर माणूस असताना जातो, नाहीतर माणूस गेल्यावरही चालू राहतो. मधला मार्ग नाही.

सुलभा_क

ध्यानाला बसणाऱ्यांची पंचाईतच म्हणायची :)
आमच्या जिन्यात पीआयआर आहे, कधी तक्रार नाही. तिथेही बदलू का?

खटपट्या

नको ताई. जिन्यात कुणी बसून राहत नाही, तिथे पीआयआरच उत्तम. रडार लावलात तर भिंतीपलीकडचं माणूसही दिवा लावेल.

आरती_म

अभ्यासाच्या टेबलाचे आकडे देते. फोनवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

एलडी२४१० मध्ये अंतराचे तुकडे आहेत, गेट ० ते ८, प्रत्येक पाऊण मीटरचा. सेन्सर बाजूच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला लावला. तिथून खुर्चीतल्या माणसाची छाती १.८ मीटरवर, म्हणजे गेट २ (दीड ते सव्वादोन मीटर). छताचा पंखा तिरक्या रेषेत २.६ मीटरवर, म्हणजे गेट ३. समोरची भिंत ३.४ वर, गेट ४. त्यापलीकडे पॅसेज.

आधी इंजिनिअरिंग मोड चालू करायचा, त्यात प्रत्येक गेटची ऊर्जा वेगळी दिसते. मग तीन नोंदी. खोली रिकामी, पंखा बंद: गेट २ ची स्थिर ऊर्जा १५ च्या आत. खोली रिकामी, पंखा पूर्ण वेगात: गेट २ ला २८ पर्यंत, गेट ३ ला ६० पर्यंत उड्या. माणूस वाचत बसलेला, पंखा चालू: गेट २ कधीच ४६ च्या खाली नाही. म्हणून गेट २ चा स्थिर थ्रेशोल्ड २८ आणि ४६ च्या मध्ये, ३६ ठेवला. गेट ३ चा ७०, म्हणजे पंखा त्याच्या खाली राहतो. कमाल गेट ४, कारण पॅसेजमधली ये-जा नको होती. मूळ सेटिंगमध्ये लांबच्या गेटांचे आकडे लहान असतात, म्हणून कमाल गेट न बदलणाऱ्यांना पलीकडची माणसं हमखास दिसतात.

नोंदी पंखा चालू ठेवूनच घ्या. पंखा बंद ठेवून लावलेले आकडे पंखा लागला की कोलमडतात. कुकर झाला, येते परत.

गणेश७७

मी सगळ्या गेटांची सेन्सिटिव्हिटी १०० केली तर आता काहीच दिसत नाही. सेन्सर जळला का?

निशाचर

जळला नाही हो :D इथे सगळेच एकदा फसतात. नाव सेन्सिटिव्हिटी असलं तरी तो आकडा म्हणजे ओलांडायची पायरी. लहान आकडा म्हणजे सेन्सर जास्त तिखट, १०० म्हणजे ते गेट जवळपास बंद. नको असलेलं गेट मारायला १०० उपयोगी पडतो. तुम्ही सगळीच मारलीत.

गणेश७७

अरे देवा. धन्यवाद.

वाऱ्यावरची

आमच्याकडे उलटं. रिकाम्या खोलीत रात्रभर दिवा. पडदा हलतो म्हणून असेल का? की एसीमुळे?

आरती_म

पडदाच असणार, एसीची गार हवा रडारला दिसत नाही. पण ती हवा पडदा हलवते, म्हणून एसी चालू असतानाच होतं. पडदा बांधून अर्धा तास बघा. आणि पडदा कितव्या गेटमध्ये येतो ते मोजा. खुर्ची वेगळ्या गेटमध्ये असेल तर पडद्याच्या गेटचा आकडा वाढवून भागतं. दोन्ही एकाच गेटमध्ये असतील तर आकड्यांशी खेळू नका, सेन्सरची जागा बदला. त्याला अंतर कळतं, दिशा कळत नाही.

वाऱ्यावरची

एकाच गेटमध्ये आहेत. कप्पाळ.

निशाचर

मग सेन्सर पडद्याच्याच भिंतीवर लावा, खोलीकडे तोंड करून. पडदा त्याच्या मागे-बाजूला जातो, कोन साधारण ६० अंश दोन्हीकडे धरा. पाठीमागचं अगदीच दिसत नाही असं नाही, पण खूप कमी.

आता मुख्य सल्ला. दिवा लावायचं काम रडारला देऊच नका. लावायचा पीआयआरने, टिकवायचा रडारने. मग रिकाम्या खोलीत पडदा कितीही नाचला तरी दिवा आपोआप लागत नाही.

विजय_रा

मी तसंच केलंय. पीआयआर आला की दिवा चालू, रडारचं has_target बंद झालं की दिवा बंद. पण कधीकधी दिवा तसाच राहतो, कुणी नसताना. रडारची नोंद बघितली तर रडार रिकामी खोलीच दाखवतोय.

निशाचर

कारण तुमचा नियम रडार 'चालू'चा 'बंद' होण्याची वाट बघतोय. दारातून कुणी डोकावून गेलं की पीआयआरने दिवा लावला, पण रडारने माणूस धरलाच नाही. तो चालूच झाला नाही तर बंद कसा होणार? दोघांची मिळून एकच अवस्था करा. ईएसपीहोममध्ये असं:

```yaml
binary_sensor:
  - platform: ld2410
    has_target:
      id: radar
  - platform: gpio
    pin: GPIO27
    id: pir
  - platform: template
    id: vyapta
    lambda: |-
      if (id(pir).state) return true;
      return id(vyapta).state && id(radar).state;
    filters:
      - delayed_off: 20s
    on_press:
      - light.turn_on: diva
    on_release:
      - light.turn_off: diva
```

पीआयआर आला तर खोली व्याप्त. नंतर, आधीच व्याप्त असेल तरच रडारचं ऐकायचं. वीस सेकंद दोघेही गप्प राहिले की दिवा बंद. त्या वीस सेकंदांत रडारला पुन्हा श्वास सापडला तर वेळ रद्द होते, दिवा हलत नाही. पीआयआरची स्वतःची वेळ मात्र कमीत कमी ठेवा, नाहीतर तीही यात मिळवली जाते.

विजय_रा

लागलीच टाकतो. बाकी रडारमधलाही टाइमआउट आहे ना, तो?

निशाचर

५ सेकंद मूळचाच राहू द्या. दोन ठिकाणी वेळ वाढवली की नंतर उशीर कुठून येतो ते सापडत नाही.

पोटमाळा

माझ्या ईएसपी८२६६ वर नुसता कचरा येतोय. वायर टीएक्सला टीएक्स, आरएक्सला आरएक्स जोडलीय. पाच व्होल्ट मिळतायत.

आरती_म

दोन गोष्टी. वायरी उलट: सेन्सरचा टीएक्स बोर्डच्या आरएक्सला, आणि उलट. दुसरं, एलडी२४१० चा वेग मूळचा २५६०००. ८२६६ वर सॉफ्टवेअर सिरियल एवढ्या वेगाला टिकत नाही, अक्षरं गळतात. हार्डवेअर यूआर्ट वापरा, आणि लॉगरही तिथेच लिहितो म्हणून त्याला हटवा:

```yaml
logger:
  baud_rate: 0
```

जमत नसेल तर यूआर्ट सोडून नुसता आउट पिन वाचा, माणूस असला की ३.३ व्होल्ट. आकडे फोनच्या HLKRadarTool मधून ब्लूटूथवर भरायचे (बी किंवा सी प्रकार हवा). काम झालं की ब्लूटूथ बंद करा, पासवर्ड सगळ्यांचा एकच असतो.

गणेश७७

बॅटरीवर चालेल का? भिंतीत वायर नाहीये.

खटपट्या

नाही. सतत साधारण ८० मिलिअँपिअर लागतात, पुरवठा २०० च्या वरचा असावा असं डेटाशीटच सांगते. बॅटरीवर पीआयआर वर्षभर जातो तो जवळजवळ झोपलेला असतो म्हणून. रडार जागाच असतो.

सुलभा_क

जिन्याचं कळलं. मग न्हाणीघरात? तिथे अंधारात साबण शोधावा लागतो हो.

आरती_म

ताई तिथे रडार चांगला, प्लास्टिकच्या पडद्याआडचं माणूसही दिसतं. पीआयआरला तिथे काच किंवा पडदा आडवा आला की संपलं. फक्त शॉवरचं पडणारं पाणीही हालचालच धरली जाते, म्हणजे नळ चालू राहिला तर दिवाही चालू. बहुतेकांना ते चालतं. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करा, पाण्याजवळ घरगुती प्रयोग नको.

वाऱ्यावरची

झोपेचं कुणी सांगेल का? पलंग चार मीटरवर, जाड पांघरूण, कुशीवर झोपलं की मध्येच 'कुणी नाही' येतं.

निशाचर

चार मीटर म्हणजे गेट ५. तिथे स्थिर माणूस एलडी२४१० च्या मर्यादेच्या जवळ जातो. कुशीवर छाती सेन्सरकडे नसते, पाठ फार कमी हलते. पलंगाच्या वर, दीड-दोन मीटरवर लावा.

खटपट्या

किंवा ६० गिगाहर्ट्झचा घ्या. तरंगलांबी ५ मिलिमीटर, तेवढ्याच श्वासाला फेज अडीचपट जास्त बदलते.

निशाचर

फेजचं बरोबर. पण पाठ मुळात हललीच नाही तर अडीचपट कशाची? शिवाय पांघरूण आणि कोन तेच राहतात. मी तरी आधी जागा बदलायला सांगेन.

खटपट्या

दोन्ही सेन्सर एकाच पलंगावर लावून कुणी नोंदी घेतल्या असतील तर टाका, इथे वाद मिटायचा नाही.

विजय_रा

कोड चालला. आता मांजर आलं की दिवा लागतो 🙄 पण ते पीआयआरचं काम ना?

आरती_म

हो, ते पीआयआरचंच. भिंगाच्या खालच्या ओळींवर आतून अपारदर्शक टेप चिकटवा. जमिनीलगतचे पट्टे बुजतात. मांजर टेबलावर चढलं तर मात्र माझ्याकडे उपाय नाही.