वॉरंटीतल्या सर्व्हिसमध्ये चुकीचं ऑइल पडलं, तुम्ही काय केलंत?

रामबागकर, इंदूर
अनुभव लिहा, सुरुवात मी करते. गाडी बीएस-६ डिझेल. सर्व्हिसहून परतल्यावर बाबा पुस्तिका उघडून बिल वाचत बसले. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३०, सी३. बिलावर ५डब्ल्यू-३०, ए३/बी४. फोन केला तर उत्तर, "मॅडम, ग्रेड तो सेम है." मग सर्व्हिस मॅनेजरला पत्र दिलं. मूळ हिंदीत, मराठीत असं:

"बिलानुसार माझ्या गाडीत सी३ऐवजी ए३/बी४ ऑइल घातलं आहे. त्यानंतर गाडी १८० किमी चालली. माझ्यासमोर ते काढून, नवा ऑइल फिल्टर लावून, पुस्तिकेप्रमाणे ऑइल विनामूल्य भरावं. या चुकीची गाडीच्या सर्व्हिस नोंदीत नोंद करावी आणि तिच्यामुळे इंजिन वा डीपीएफची वॉरंटी नाकारणार नाही, असं लेखी द्यावं."

सोबत बिलाची आणि पुस्तिकेतल्या पानाची प्रत जोडली. माझ्या प्रतीवर शिक्का घेतला. चौथ्या दिवशी ऑइल बदललं, लेखी मात्र दिलं नाही.

दांडियाबाजार, बडोदा
५डब्ल्यू-३० असेल तर जाडी तीच की. इंजिन झिजणार नाही. ऑइल बदलून मिळालं, आता सोडा.

लष्करवाला, ग्वाल्हेर
जाडीचं बरोबर आहे, पण इथे प्रश्न राखेचा आहे. थोडं ऑइल प्रत्येक इंजिनात जळतं. ए३/बी४ची राख सी३पेक्षा जास्त पडते आणि डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, जाऊन बसते. काजळी हायवेवर गाडी तापली की जळून जाते, राख जळत नाही. माझ्याकडे आलेला एक डीपीएफ तीन वेळा जाळून साफ करायचा प्रयत्न झाला होता. दिवा विझायचा आणि काही दिवसांत परत लागायचा. उघडला तर मागच्या टोकाला करडी भुकटी घट्ट बसलेली.

ताई, १८० किमीत काही बिघडलेलं नाही, नवा डीपीएफ मागू नका. पण लेखी सोडू नका. दोन वर्षांनी तो भरला तर हेच लोक हे बिल दाखवतील. काढलेल्या ऑइलचा नमुना ठेवलात का?

स्नेहलतागंज, इंदूर
आमचंही तेच झालं! पेट्रोल गाडी. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर.

लष्करवाला, ग्वाल्हेर
काका, ते जास्त भरलंय, लगेच काढून घ्या. प्रकार कोणता होता?

स्नेहलतागंज, इंदूर
बिलावर नुसतं "इंजिन ऑइल, साडेतीन लिटर". तिथेच माझी तक्रार अडकली.

रामबागकर, इंदूर
नमुना नाही ठेवला, सुचलंच नाही. पण दुसऱ्या जॉबकार्डवर "चुकीचं ऑइल बदललं" असं लिहून घेतलंय. तेवढं पुरेल का?

लष्करवाला, ग्वाल्हेर
कबुली आहे ती, जपून ठेवा. वॉरंटी मात्र कंपनी देते, वर्कशॉप नाही. लेखी कंपनीकडूनच यायला हवं.

रामबागकर, इंदूर
आज कंपनीच्या ग्राहक सेवेला दोन्ही जॉबकार्डांसह ईमेल केला, १५ दिवसांची मुदत दिली. नाहीतर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर तक्रार नोंदवणार. उत्तर आलं की इथेच लिहीन.